पॅराबोला-एलिप्सची वर्कशीट: सूत्र बरोबर, फोकस चूक?

उन्हातली_सावली

मुलीला कोनिक सेक्शनची आठ प्रश्नांची वर्कशीट मिळाली आहे. प्रत्येक प्रश्नात एक समीकरण दिलंय, त्याचा फोकस कुठे आणि अक्ष कोणता एवढंच लिहायचंय. शेवटच्या पानावर नुसती उत्तरं आहेत, रीत नाही. तिची पाच उत्तरं चुकली आणि तिचं म्हणणं एकच, "सूत्र तर मी बरोबरच वापरलंय." मी वही बघितली. खरंच, सूत्रं जागच्या जागी आहेत. माझं गणित सुटून इतकी वर्षं झालीत की चूक कुठे आहे ते मला बोट ठेवून सांगता येत नाहीये.

जशी आहेत तशी देते. पहिला y² = 12x, तिचं उत्तर (3, 0), ते बरोबर आलं. दुसरा x² = −8y, तिने (−2, 0) लिहिलंय, मागे (0, −2) आहे. तिसरा 3y² = 16x, तिचं (4, 0), मागे (4/3, 0). चौथा x²/25 + y²/9 = 1, (±4, 0), बरोबर. पाचवा x²/9 + y²/25 = 1, इथे तिचं c² = −16 आलं, म्हणून तिने सरळ "फोकस नाही" असं लिहून टाकलं. मागे (0, ±4) आहे. सहावा 4x² + 9y² = 36, तिचं (0, ±√5), मागे (±√5, 0). सातवा 16x² + 9y² = 144, तिचं (±√7, 0), मागे (0, ±√7). आठवा 5x² + 5y² = 45, तो तिने सोडलाच.

सहा-सातमध्ये आकडा बरोबर आणि अक्ष नेमका उलटा, हे कसं काय होतं? की मागची उत्तरंच चुकीची छापलीत?

गणोबा

सोप्पंय हो. एक नियम पाठ करायला सांगा: मोठा कोण ते बघायचं. एलिप्समध्ये ज्याच्या खाली मोठी संख्या, त्याचा अक्ष मोठा. पाचव्यात y² खाली २५ आहे, म्हणजे एलिप्स उभी. फोकस y-अक्षावर. झालं.

पॅराबोलात तर एकाचाच वर्ग असतो, म्हणजे मोठा तोच. x² दिसला की x-अक्ष. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नात तुमच्या मुलीचं (−2, 0) बरोबर वाटतंय मला. उत्तरं छापणाऱ्याने घोळ घातलाय.

कंपासपेटी

गणोबा, पहिला परिच्छेद पूर्ण मान्य. दुसऱ्यात मात्र गाडी उलट दिशेला गेली. x² = −8y मध्ये अक्ष y आहे आणि मागचं उत्तर बरोबर आहे. ताळा असा करा. y = −2 ठेवलं की x² = 16, म्हणजे x = 4 किंवा −4. तसंच y = −8 ठेवलं तर x = 8 किंवा −8. एकाच y ला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन बिंदू मिळतात, तेही सारख्याच अंतरावर. म्हणजे आकृती घडी घातल्यासारखी ज्या रेषेवर जुळते ती रेषा y-अक्ष. वर्ग x चा असतो म्हणून x ची खूण पुसली जाते, आणि ज्याचा वर्ग नाही त्याच्याच दिशेने वक्र उघडतो. इथे y ऋणच असायला हवा, नाहीतर x² ऋण होईल. म्हणून तोंड खाली, आणि फोकस खाली (0, −2) वर.

तेवढ्यावर विश्वास बसत नसेल तर व्याख्येलाच विचारा. पॅराबोलावरचा कुठलाही बिंदू फोकसपासून जितका लांब, तितकाच डायरेक्ट्रिक्स नावाच्या ठरलेल्या रेषेपासून. फोकस (0, −2) असेल तर डायरेक्ट्रिक्स y = 2. बिंदू (4, −2) घ्या. फोकसपर्यंत आडवं अंतर ४, रेषेपर्यंत उभं अंतर ४. जुळलं. आता गणोबांचा फोकस (−2, 0) आणि त्याची रेषा x = 2 घेऊन त्याच बिंदूवर बघा. रेषेपर्यंतचं अंतर २ येतं आणि फोकसपर्यंतचं √40, म्हणजे सहाच्या वर. कुठे २ आणि कुठे ६.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. मुलीचं सूत्र बरोबर आहे हे ती म्हणते ते खरंय, आणि घोळ तिथेच आहे. वर्कशीटमध्ये a हे एकच अक्षर दोन वेगवेगळी कामं करतंय. पॅराबोलात y² = 4ax लिहितो तेव्हा a म्हणजे टोकापासून फोकसपर्यंतचं अंतर. तो थेट फोकसच सांगतो. एलिप्समध्ये a म्हणजे केंद्रापासून लांबच्या टोकापर्यंतचं अंतर, फोकस त्याच्या आत कुठेतरी असतो आणि त्यासाठी c वेगळा काढावा लागतो. शिवाय पॅराबोलात a चा वर्ग नाही, एलिप्समध्ये छेदात a चा वर्ग बसलेला असतो. मुलं "a काढायचा" एवढंच लक्षात ठेवतात. तो कशाचा a, हे विसरतात.

तिसऱ्या प्रश्नात तर a काढण्याच्या आधीच घसरण आहे. 3y² = 16x मध्ये तिने 16 = 4a धरलं. पण सूत्रात y² एकटा उभा आहे, त्याच्या पुढे ३ नाही. आधी तीनने भागायचं, y² = (16/3)x, मग 4a = 16/3 आणि a = 4/3. सूत्राशी तुलना करायची तर समीकरण आधी सूत्राच्या वेषात आणलं पाहिजे. सहा आणि सातमध्येही हेच झालंय, फक्त तिथे चूक जास्त लबाड आहे. त्यावर सावकाश लिहिते.

गणोबा

ठीक आहे, पॅराबोलाचं मागे घेतो. म्हणजे एलिप्समध्ये मोठ्याच्या बाजूने, आणि पॅराबोलात ज्याला वर्ग नाही त्याच्या बाजूने. दोन नियम झाले. मी एकात उरकत होतो.

पण पाचव्यात c² = −16 येतंय ते? सूत्र c² = a² − b² असंच आहे ना? मग ९ वजा २५ म्हणजे −१६ हे बरोबरच की.

कंपासपेटी

सूत्र आहे, पण त्यात a हा लांबच्या अर्ध्या अक्षाचा आहे. x खालचा तो a, असा त्याचा अर्थच नाही. पाठ करण्यापेक्षा हे कुठून येतं ते बघितलं तर चूक होणारच नाही. एलिप्सची व्याख्या: दोन फोकसपासूनच्या अंतरांची बेरीज कायम तेवढीच. लांबच्या टोकावर जाऊन मोजलं तर ही बेरीज 2a येते. आता आखूड अक्षाच्या टोकावर उभे राहा. तिथून दोन्ही फोकस सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे प्रत्येक अंतर बरोबर a. केंद्र, फोकस आणि हे टोक असा काटकोन त्रिकोण झाला. कर्ण a, एक बाजू b, दुसरी c. बाकी पायथागोरसचं.

कर्ण सगळ्यात मोठाच असणार. c² ऋण आला याचा अर्थ तुम्ही लहान बाजूला कर्ण म्हणून बसवलंत. फोकस नाही असा अर्थ त्यातून निघत नाही, अक्षाची अदलाबदल झाली एवढाच निघतो. पाचव्यात कर्ण ५, बाजू ३, म्हणून c = 4, आणि तो लांब अक्षावर म्हणजे y-अक्षावर. ताळा: (3, 0) पासून (0, 4) पर्यंत ५, (0, −4) पर्यंतही ५, बेरीज १०. लांबचं टोक (0, 5) घेतलं तर १ आणि ९, बेरीज पुन्हा १०.

खरं सांगायचं तर पाचवा प्रश्न प्रामाणिक आहे. चुकलात की तो लगेच ओरडतो. सहावा ओरडत नाही.

रंधा

मला वर्कशीट नाही, टेबल आहे. :) पण विषय तोच असावा म्हणून इथेच विचारतो.

हौस म्हणून लाकूडकाम करतो. प्लायवर १२० सेंमी लांब आणि ८० सेंमी रुंद अंडाकृती आखायची होती. दोन खिळे, त्यांना बांधलेली दोरी, दोरी ताणून पेन्सिल फिरवायची, हे माहीत होतं. खिळे कुठे ठोकायचे याचा हिशोब मी असा केला: अर्धी लांबी ६०, अर्धी रुंदी ४०, फरक २०, म्हणून मध्यापासून वीस-वीस सेंमीवर दोन खिळे. दोरी खिळ्यापासून खिळ्यापर्यंत १२० ठेवली. निघाला जवळजवळ गोल! लांबी १२० आली, रुंदी ८० च्या जागी ११३. दोरी बदलली, पेन्सिल बदलली, पुन्हा तेच. खिळे वाकडे ठोकले गेले का?

कंपासपेटी

खिळे सरळ आहेत, वजाबाकी वाकडी आहे. तुम्ही c = a − b केलंत, हवं होतं c² = a² − b². म्हणजे ३६०० वजा १६००, उरले २०००, त्याचं वर्गमूळ ४४.७. खिळे मध्यापासून ४४.७ सेंमीवर ठोका. दोरी तीच, १२०.

आणि तुमचे ११३ अगदी बरोबर आलेत, हात चांगला आहे तुमचा. २० सेंमीवर खिळे आणि १२० ची दोरी असेल तर b² = ३६०० − ४०० = ३२००, b म्हणजे ५६.६, पूर्ण रुंदी ११३.१.

आकडेमोड नको असेल तर वरचा काटकोन त्रिकोणच प्लायवर काढा. आधी लांबीची आणि रुंदीची रेष मध्यात काटकोनात आखा. रुंदीच्या एका टोकावर पट्टीचा शून्य ठेवा आणि पट्टीवरची ६० ची खूण लांबीच्या रेषेला जिथे शिवेल तिथे खिळा. दुसरीकडेही तसंच. वर्गमूळ काढावंच लागत नाही.

एक सांभाळा. दोरीची टोकं खिळ्यांना बांधलीत तर मोकळी दोरी १२० हवी. दोरीचा बंद फास करून तो दोन्ही खिळ्यांभोवती टाकणार असाल तर खिळ्यांमधलं अंतरही त्यात मिळवायचं, १२० + ८९.४, म्हणजे २०९.४.

नुसताच_वाचक

मला एक कळत नाही. फोकस म्हणजे केंद्रच ना? लंबवर्तुळाचं केंद्र तर सरळ (0, 0) दिसतंय सगळ्या प्रश्नांत. मग एवढी चर्चा कशावर चाललीय? मूळ प्रश्न केंद्राचा आहे असं समजून मी सगळं वाचून काढलं.

दुर्बीण

नाही हो, केंद्र वेगळं, फोकस वेगळा. एलिप्सला फोकस दोन असतात आणि केंद्र त्यांच्या बरोबर मध्ये. पृथ्वीची कक्षा एलिप्स आहे, आणि सूर्य तिच्या केंद्रात नाही, एका फोकसवर आहे. फोकस हा शब्द या अर्थाने केप्लरने १६०४ मध्ये वापरला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. घराची चूल काही घराच्या मधोमध नसते, एका बाजूला असते. तसं लक्षात ठेवा.

रंधा यांची वजाबाकी वाचून मला राहवलं नाही, कारण आकाशात ती चूक भलतीच मोठी होते. पृथ्वीच्या कक्षेचा अर्धा लांब अक्ष साधारण १४ कोटी ९६ लाख किमी आणि विकेंद्रता, म्हणजे c भागिले a, ०.०१६७. म्हणजे सूर्य केंद्रापासून सुमारे २५ लाख किमी बाजूला आहे. आता अर्धा लांब अक्ष वजा अर्धा आखूड अक्ष किती येतो? जेमतेम २१ हजार किमी. कागदावर काढली तर कक्षा गोलच दिसेल, पण सूर्य मधून सरकलेला मात्र सहज दिसेल. c म्हणजे a − b असतं तर सूर्य केंद्रापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाइतकाही सरकला नसता. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किमी आहे.

नुसताच_वाचक

अच्छा! चुलीचं पटलं. आता परत पहिल्यापासून वाचतो.

उन्हातली_सावली

कर्णाचं तिला लगेच कळलं. "म्हणजे मोठा तो कर्ण, मग तो x खाली असो की y खाली" असं स्वतःच म्हणाली. पण सहा आणि सात अजून अडलेत. तिची रीत: 4x² + 9y² = 36. चार आणि नऊ दिसले, नऊ मोठा, तो y जवळ, म्हणून लांब अक्ष y. ९ वजा ४, √5. आता गणोबांच्या नियमाप्रमाणे हे बरोबरच नाही का? आणि √5 तर मागच्या उत्तराशी जुळतंय. आकडा जुळला म्हणून तिला वाटतं रीत बरोबर आहे आणि अक्ष छापताना चुकलाय.

कंपासपेटी

हीच ती लबाड चूक. गणोबांचा नियम छेदांसाठी आहे, म्हणजे x² आणि y² च्या खालच्या संख्यांसाठी, आणि उजवीकडे १ असताना. इथे चार आणि नऊ खाली नाहीत, पुढे आहेत. ३६ ने भागलं की x²/9 + y²/4 = 1. नऊ गेला x खाली, चार गेला y खाली. जागा बदलल्या. एलिप्स आडवी.

मग √5 का जुळला? तो योगायोग नाही, आकड्यांच्या निवडीतून आलाय. ३६ म्हणजे ४ गुणिले ९. उजवीकडे नेमका दोन सहगुणकांचा गुणाकार असला की भागल्यावर तेच दोन आकडे फक्त जागा बदलून छेदात येतात. फरक तोच राहतो, त्यामुळे c तोच येतो, आणि अक्ष तेवढा फिरतो. सातव्यातही १४४ = १६ × ९. त्याच पोरीला 4x² + 9y² = 144 द्या. तिच्या रीतीने पुन्हा √5 येईल. खरं उत्तर? भागल्यावर x²/36 + y²/16 = 1, c² = 20, फोकस (±√20, 0). तिथे आकडाही फसेल आणि तिला स्वतःलाच कळेल.

मी तर मुलांना सहगुणकांकडे बघूच देत नाही. एलिप्स कुठे टेकते ते बघा म्हणते. x = 0 ठेवा: 9y² = 36, y = ±2. मग y = 0 ठेवा: 4x² = 36, x = ±3. आडवी ३ पर्यंत जाते आणि उभी २ पर्यंत, म्हणजे आडवी. दोन ओळींचं काम आहे, आणि समीकरण कुठल्याही वेषात असलं तरी चालतं. ज्याच्या पुढे मोठा सहगुणक, त्या दिशेला एलिप्स उलट कमी पसरते, हेही त्यातून आपोआप दिसतं.

तिसरी_घंटा

मी शिकवते आणि अशा वर्कशीटही काढते, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलते. :) ३६ आणि १४४ घेतो ते भागाकार सुटसुटीत व्हावा म्हणून, मुलांना फसवायला नाही. पण फसतात हे खरं. कंपासपेटी म्हणतात ते १४४ चं उदाहरण पुढच्या वेळी घालते.

एका गोष्टीवर मात्र माझं वेगळं मत आहे. "a नेहमी मोठा" हा सगळीकडचा नियम नाही. काही पुस्तकं x²/a² + y²/b² = 1 हेच रूप ठेवतात आणि b मोठा असेल तर c² = b² − a² घ्यायला सांगतात. मी तसंच शिकवते. x खालचा a, y खालचा b, अक्षरं जागेवरून हलत नाहीत. मुलांना मधेच "आता a खाली गेला" असं सांगितलं की गोंधळ वाढतो असा माझा अनुभव आहे.

कंपासपेटी

अक्षरं हलत नाहीत, पण मग सूत्रं हलतात. लॅटस रेक्टमची, म्हणजे फोकसमधून लांब अक्षाला काटकोनात जाणाऱ्या जीवेची लांबी घ्या. a मोठा धरला तर 2b²/a हे एकच सूत्र पुरतं. तुमच्या पद्धतीत उभ्या एलिप्ससाठी ते 2a²/b होतं, विकेंद्रतेचंही तसंच. मुलगा जुनं सूत्र घेऊन बसला तर पाचव्या प्रश्नात २ गुणिले २५ भागिले ३, म्हणजे १६.७ काढेल. ही एलिप्स आडवी सगळी मिळून ६ रुंद आहे! तिच्या आत १६.७ लांबीची आडवी जीवा मावणार कशी? खरी लांबी १८ भागिले ५, म्हणजे ३.६.

तिसरी_घंटा

मावत नाही हे ज्याला दिसतं त्याला कुठलीही पद्धत चालते. ज्याला दिसत नाही त्याला माझ्या पद्धतीत निदान समीकरण वाचता येतं. अर्धे गुण तरी मिळतात.

गणोबा

दोघी बरोबर आहात असं म्हणून मी सटकतो. आज एका धाग्यावर एकदा चुकून झालंय.

रंधा

कळवायला आलो. वर्गमूळ न काढता पट्टीची ६० ची खूण टेकवून खिळे ठोकले. मोजले तर मध्यापासून पावणेपंचेचाळीसच्या किंचित आत, तुमचे ४४.७. अंडाकृती झकास आली. फक्त लांबी १२०.५ भरली आणि रुंदी ८० च्या जागी पावणेएक्क्याऐंशी. अर्धा सेंमी दोरीने खाल्ला हे समजलं, गाठीत चुकलं असणार. पण लांबी अर्ध्याने वाढली तर रुंदी पाऊण सेंमीने का वाढावी?

कंपासपेटी

फार छान मोजलंत. खिळे जागेवर आहेत, म्हणजे c पक्का. दोरी अर्धा सेंमी जास्त झाली की a होतो ६०.२५. आता b² = ३६३० − २००० = १६३०, b = ४०.३७, रुंदी ८०.७५. तुमचे पावणेएक्क्याऐंशी.

कारण त्याच त्रिकोणात आहे. एक बाजू बांधून ठेवली आणि कर्ण थोडा वाढवला, तर ती वाढ सगळी दुसऱ्या बाजूला सोसावी लागते, आणि ती बाजू कर्णापेक्षा आखूड असल्याने तिला जास्त वाढावं लागतं. किती पट, तर a भागिले b, इथे ६० भागिले ४० म्हणजे दीडपट. एलिप्स जितकी चपटी, तितकी दोरीतली चूक रुंदीत जास्त दिसणार. त्यामुळे दोरी मापताना लांबीवर तपासू नका. पेन्सिल रुंदीच्या टोकावर नेऊन तिथे ४० भरतात का बघा, मगच गाठ पक्की करा.

रंधा

हे मला कुणी आधी का नाही सांगितलं! सुताराच्या हाताखाली काम शिकलो तेव्हा तो दोरी नेहमी रुंदीवरच ताणून बघायचा. मला वाटायचं सवय असेल.

उन्हातली_सावली

सगळ्यांचे आभार. तिने दोन ते सात पुन्हा सोडवले, सगळे बरोबर आले. तिसऱ्यात आधी तीनने भागलं, सहा-सातमध्ये "कुठे टेकते" ते काढून मगच पुढे गेली. कंपासपेटी यांचं १४४ चंही केलं आणि जुन्या रीतीने काय आलं असतं तेही शेजारी लिहून ठेवलंय.

आता राहिला आठवा. 5x² + 5y² = 45. टेकते ते काढलं तर दोन्हीकडे ३. ती म्हणते कर्ण ३, बाजू ३, तर c शून्य, म्हणून फोकस (0, 0). मागे फक्त "केंद्र (0, 0), त्रिज्या 3" एवढंच छापलंय, फोकसच्या रकान्यात आडवी रेघ आहे. मग तिचं चूक का?

तिसरी_घंटा

चूक नाही म्हणणार मी. दोन्ही फोकस एकमेकांवर येऊन बसले, दोन खिळे एकाच भोकात. दोरी बांधून फिरवली की वर्तुळच निघतं. पण मी पेपर तपासत असते तर रेघ मारणाऱ्यालाही गुण दिले असते. फोकस आणि डायरेक्ट्रिक्सच्या व्याख्येने गेलं तर वर्तुळाला डायरेक्ट्रिक्स मिळतच नाही. विकेंद्रता शून्य, आणि ती रेष केंद्रापासून a भागिले विकेंद्रता इतक्या अंतरावर हवी. शून्याने भागणार कसं?

कंपासपेटी

मी रेघेला गुण देणार नाही. प्रश्न फोकस विचारतो, डायरेक्ट्रिक्स नाही. दोरीच्या व्याख्येने फोकस स्वच्छ मिळतोय.

तिसरी_घंटा

पण त्याच वर्कशीटमध्ये पॅराबोला आहे, आणि त्याला दोरीची ही व्याख्या लावता येत नाही. एकाच कागदावर दोन व्याख्या कशा चालवायच्या?

गणोबा

सटकलो होतो, पण परत आलो. मुलीला म्हणावं (0, 0) लिही आणि शेजारी कंसात "दोन्ही एकत्र" असं लिही. तपासणारी कंपासपेटी असो वा तिसरी घंटा.

उन्हातली_सावली

तिने तसंच लिहिलंय. वर "का?" असंही लिहिलंय, ते खोडू नको म्हणाली.